हप्त्यावर छोटा हत्ती घेताय? आधी पावसाळ्याचा हिशोब मांडा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातले चालक गाडीच्या कर्जाचे कागद घेऊन माझ्याकडे येतात, ते बहुतेक वेळा सही करून झाल्यावर. क्रम असा असतो: शोरूममध्ये गाडी बघितली, फायनान्सवाला तिथंच बसला होता, त्यानं सांगितलं की दीड लाख भरा, हप्ता चौदा हजार बसेल, आणि गाडी दारात आली. काम शोधायला सुरुवात त्यानंतर. हा क्रम उलटा करायचा आहे. आधी भाडं, मग हिशोब, मग कर्ज आणि सगळ्यात शेवटी गाडी.

हा लेख दुसऱ्याची गाडी पगारावर चालवणाऱ्या आणि दीड-दोन लाख जमवून स्वतःची छोटी मालगाडी घेऊ बघणाऱ्या चालकासाठी आहे.

टप्पा 1: तीन महिने वही ठेवा, गाडी दुसऱ्याची असली तरी

शंभर पानांची वही घ्या. रोज सहा गोष्टी लिहा: कुठून कुठं, भाडं किती, किलोमीटर, डिझेल, रिकामे किलोमीटर आणि माल भरायला-उतरायला थांबावं लागलेला वेळ. शेवटच्या दोन गोष्टी कुणी लिहीत नाही आणि फसगत तिथंच होते. बेळगावहून चोर्ला घाटानं गोव्याला भाजी नेली तर जाताना भाडं चांगलं दिसतं, पण परतीला गाडी रिकामी आली तर ते भाडं दोन्ही बाजूंच्या डिझेलवर वाटलं जातं. कंग्राळीहून मार्केटला केलेली छोटी फेरी दिसायला किरकोळ, पण तासाभरात मोकळी होते आणि गाडी पुढच्या कामाला लागते.

मालकाची गाडी चालवत असाल तर पैशाचे आकडे मालकाला विचारा. नाही सांगितले तर स्टँडवरच्या इतर चालक-मालकांना विचारा. भाड्याच्या बाबतीत माणसं वाढवून सांगतात आणि डिझेलच्या बाबतीत कमी, एवढं धरून चाला.

*तपासणी:* तीन महिन्यांनी वहीवरून एका दिवसाचं डिझेल वजा जाता उत्पन्न सांगता येतं का? अंदाजानं नव्हे, बेरीज करून. येत नसेल तर अजून महिनाभर लिहा.

टप्पा 2: एका गिऱ्हाइकावर गाडी घेऊ नका, दोन वेगळ्या कामांची जोडी लावा

आपल्या भागात छोट्या गाडीला कामं बरीच आहेत, पण प्रत्येकाचा हंगाम आणि वेळ वेगळी. कडोली, कंग्राळी, हिंडलगा पट्ट्यातली भाजी, बटाटा, रताळी पहाटे निघतात आणि सकाळी नऊपर्यंत गाडी मोकळी होते. उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या फाउंड्री आणि मशीन शॉपमधल्या कास्टिंगची ने-आण दहानंतर सुरू होते. शहापूर-वडगावच्या यंत्रमागाचं सूत आणि साड्या दुपारच्या. खानापूरची वीट पावसात बंद. निपाणीची तंबाखू हंगामी.

म्हणून पहाटेचं एक काम आणि दुपारचं एक काम अशी जोडी लावा, आणि ती लावताना हंगाम बघा. भाजी आणि वीट ही जोडी वाईट, कारण पाऊस दोन्हीला एकदमच मारतो. भाजी आणि उद्यमबाग ही जोडी बरी. पावसात भाजी कमी झाली तरी कास्टिंग चालू राहतं. गणपतीत कामगार सुट्टीवर गेले की ते थंडावतं, पण तेव्हा बाजारात माल असतो.

गिऱ्हाइकाशी तोंडी बोलणं चालतं, आपल्याकडं तशीच पद्धत आहे. पण एक प्रश्न तोंडीसुद्धा विचाराच: पैसे कधी मिळणार? आडत्या आठवड्याला देतो. कारखानदार महिन्याला बिल घेतो आणि पुढच्या महिन्यात देतो. म्हणजे पहिले दोन महिने डिझेल तुमच्या खिशातून जाणार आणि हप्ताही.

*सावधान:* "गाडी घे, काम मी देतो" असं सांगणाऱ्याला गाडी घेण्याआधीच महिनाभर भाड्याच्या गाडीवर काम द्यायला सांगा. खरं काम असेल तर तो देईल.

टप्पा 3: सर्वात वाईट महिन्यावर हप्ता ठरवा

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून एक नमुना शेवटपर्यंत सोडवून दाखवतो. यातले दर हिशोबासाठी धरलेले आहेत, तुमचे आकडे तुमच्या वहीतून घाला.

गाडी छोटा हत्ती, ऑन-रोड साडेसहा लाख. खिशातले दीड लाख भरले, पाच लाख कर्ज. फायनान्स कंपनीचा दर "नऊ टक्के", मुदत 48 महिने. हप्ता 14,167 रुपये.

साधा दिवस असा: पहाटेची भाजी 850, दुपारी उद्यमबागच्या दोन फेऱ्या प्रत्येकी 650, एकूण 2,150. गाडी 90 किलोमीटर फिरली. लिटरला 15 धरले तर 6 लिटर, 91 रुपयांनी 546. पार्किंग, चहा, किरकोळ हमाली 100. हातात 1,500. महिन्यात 25 दिवस गाडी चालली तर 37,500.

आता खर्च. विमा वर्षाचा असतो, पण महिन्याला 2,400 बाजूला ठेवावे लागतात. टायर 1,000. सर्व्हिस आणि दुरुस्ती 2,000. पासिंग, पीयूसी, पंक्चर 600. हे झाले 6,000. तुमच्या घरखर्चाला 15,000. हा आकडा बरेच जण हिशोबात धरतच नाहीत, जणू मालक झाल्यावर जेवायचंच नाही. वर हप्ता 14,167. एकूण 35,167.

37,500 वजा 35,167, शिल्लक 2,333. इथपर्यंत सगळ्यांना जमतं आणि इथंच गाडी बुक होते.

आता जुलै-ऑगस्ट घ्या. पाऊस लागला की भाजी कमी, चार-पाच दिवस गाडी जागेवर, एखाद्या रस्त्यावर पाणी. 17 दिवस चालली आणि दिवसाला 1,200 सुटले असं धरा. 20,400 झाले. खर्च मात्र तोच, 35,167. तूट 14,767, म्हणजे अख्खा एक हप्ता. दोन महिन्यांची तूट 29,534. उरलेल्या दहा महिन्यांत साठलेले 23,330. वर्षाअखेर सहा हजार रुपये उणे, आणि त्यात इंजिनचं काम, दवाखाना, लग्नकार्य काहीच धरलेलं नाही. दर महिन्याला चालताना दिसणारी गाडी वर्षाच्या हिशोबात बुडत असते. ऑगस्टमध्ये हप्ता थकला की माणूस म्हणतो, यंदा पाऊस जास्त झाला. पाऊस दरवर्षीच असतो.

हीच गाडी, हेच काम, हेच पाच लाख. पण कर्ज बँकेचं, घटत्या शिलकीवर साडेअकरा टक्के, 60 महिने. हप्ता सुमारे 11,000. खर्च 32,000. साध्या महिन्यात 5,500 उरतात, दहा महिन्यांचे 55,000. पावसाच्या दोन महिन्यांची तूट 23,200. वर्षाअखेर जवळपास 32,000 हातात, आणि त्यातूनच अचानकचे खर्च निघतात. हप्त्यातल्या तीन हजारांचा एवढा फरक पडतो.

*तपासणी:* तुमच्या वाईट महिन्याची तूट काढा, तिला दोननं गुणा. तेवढी रक्कम डाउन पेमेंट भरूनही बँकेत शिल्लक राहते का? राहत नसेल तर यंदा नवी गाडी नको. चांगल्या स्थितीतली जुनी घ्या किंवा अजून सहा महिने पगारावर काढा.

टप्पा 4: कर्जाचा खरा दर काढा

वरच्या नमुन्यात नऊ टक्के महाग आणि साडेअकरा स्वस्त कसे पडले? नऊ टक्के हा फ्लॅट दर होता. फ्लॅटमध्ये पूर्ण पाच लाखांवर चारही वर्षं व्याज लागतं: वर्षाला 45,000, चार वर्षांचे 1,80,000. तिसऱ्या वर्षी तुम्ही अर्ध्याहून जास्त मुद्दल फेडलेली असते, तरी व्याज पाच लाखांवरच. घटत्या शिलकीच्या भाषेत हा दर जवळपास 16 टक्के होतो. उलट साडेअकराच्या कर्जाचं पाच वर्षांचं मिळून व्याज सुमारे 1,60,000 भरतं. मुदत वर्षभर जास्त, तरी व्याज कमी.

म्हणून "व्याज किती टक्के?" एवढं विचारून थांबू नका. 1 ऑक्टोबर 2024 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँक असो वा फायनान्स कंपनी, अशा कर्जाला की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे केएफएस, द्यावंच लागतं. त्यात एपीआर नावाची एक ओळ असते. प्रोसेसिंग फी वगैरे धरून वर्षाचा खरा दर किती, ते तिथं लिहिलेलं असतं. दोन ठिकाणचे एपीआर शेजारी ठेवा, निवड आपोआप होते. हे कागद कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावेत असंही नियमात आहे. आपल्याकडं कागद कन्नड नाहीतर इंग्रजीत येतात आणि आपली माणसं मान डोलावून सही करतात. मराठीत मागा. नाहीच मिळाले तर एक रात्र घरी आणा आणि वाचणाऱ्याकडून वाचून घ्या.

आधी बँकेत जा, नकार मिळाला तर फायनान्सकडे. पाच लाखांपर्यंतचं वाहनकर्ज मुद्रा योजनेच्या किशोर गटात बसतं आणि त्याला तारण लागत नाही. मॅनेजर सिबिल, बँक स्टेटमेंट आणि कामाचा पुरावा बघतो. टप्पा 1 मधली वही आणि दोन गिऱ्हाइकांचं साध्या कागदावरचं पत्र इथं कामाला येतं. कर्नाटक सरकारच्या स्वावलंबी सारथी योजनेत वेगवेगळ्या विकास महामंडळांमार्फत मालवाहू गाडीला अनुदान मिळतं. मराठा समाजासाठीही राज्यात वेगळं महामंडळ आहे. अर्ज करा, पण अनुदान मंजूर झाल्याचा कागद हातात येईपर्यंत ते हिशोबात धरू नका. "सबसिडी येणारच आहे" म्हणून आधी खाजगी कर्जानं गाडी उचलणारे अडकलेले मी बघितलेत.

सही करण्याआधी तीन गोष्टी बघा:

1. कर्जात काय काय मिसळलंय. कर्जाचा विमा, अपघात विमा, कसली तरी सेवा असं पंधरा-वीस हजारांचं ओझं मुद्दलात घातलेलं असतं आणि त्यावर व्याज चालू होतं. नको असेल तर काढायला लावा.
2. हप्त्याची तारीख. पाच तारीख सोयीची वाटते, पण कारखान्याचं बिल दहाला मिळत असेल तर दर महिन्याला पाचला खातं रिकामं असणार. हप्ता बाऊन्स झाला की दंड बँकही लावते आणि फायनान्सही. तारीख पंधरा मागून घ्या.
3. कोरे फॉर्म. गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याचे 29 आणि 30 नंबरचे फॉर्म कोरे सही करून मागितले तर देऊ नका. आरसीवर कर्जाचा बोजा चढवायला, म्हणजे हायपोथिकेशनला, 34 नंबरचा फॉर्म लागतो, तोही भरलेला बघूनच सही करा.

जामीनदार होणाऱ्या भावाला किंवा मेहुण्याला स्पष्ट सांगा, की हप्ता थकला तर त्याच्याही सिबिलवर डाग पडतो आणि वसुली त्याच्याकडूनही होते. हे लपवून सही घेतल्यानं गावातली नाती तुटली आहेत.

टप्पा 5: गाडी आणि तिचे कागद

गाडी ठरवताना आरसीवरचं एकूण वजन, म्हणजे जीव्हीडब्ल्यू, बघा. मालासकट 3,000 किलोपर्यंतच्या मालगाडीला मोटार वाहन कायद्यानुसार परमिट लागत नाही. छोटा हत्ती यात आरामात बसतो. मोठ्या पिकअपची काही मॉडेलं तीन टनांच्या वर जातात, आणि मग परमिटचा खर्च, शिवाय गोवा-कोल्हापूरला जायचं असेल तर त्याचीही सोय, हे सगळं महिन्याच्या 6,000 मध्ये भर घालतं. पिकअपचं भाडं जास्त मिळतं हे खरं, पण वहीत टनभराच्या वरचा माल महिन्यातून किती वेळा आला तेवढं मोजा. मोठी गाडी अर्धी रिकामी पळवणं हा महागडा शौक आहे.

लायसन्सची काळजी नको. एलएमव्ही लायसन्सवर साडेसात टनांपर्यंतची मालगाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर 2024 मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे.

जुनी गाडी घेताना आपल्या भागातली एक खास चूक होते. कोल्हापूर, गडहिंग्लजला गाडी स्वस्त मिळाली म्हणून एमएच-09 पासिंगची आणली जाते आणि वर्षानुवर्षं तशीच चालवली जाते. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवलेल्या गाडीला इथला नंबर घ्यावाच लागतो. त्यासाठी तिकडच्या आरटीओची एनओसी, इकडचा कर, आणि तिच्यावर जुनं कर्ज असेल तर फायनान्सची एनओसी लागते. हा खर्च किमतीत धरा, मग ती स्वस्त राहते का बघा.

विमा पहिल्या दिवशीपासून पूर्ण पॅकेजचा घ्या, थर्ड पार्टीवर भागवू नका. सीमाभागात याला जास्तीचं एक कारण आहे. वातावरण तापलं की मालगाड्याच पहिल्यांदा समोर येतात. डिसेंबर 2022 मध्ये हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले होते, आणि तिकडं कर्नाटकच्या गाड्यांनाही काळं फासलं गेलं. दंगल आणि संपातलं नुकसान पॅकेज पॉलिसीत बसतं, नुसत्या थर्ड पार्टीत नाही. बंदच्या दिवशी गाडी काढू नका, भाडं कितीही असो. दगडानं काच फुटली तर क्लेम मिळेल, पण गाडी आठ दिवस गॅरेजला राहिली तर त्या दिवसांचे पैसे कुणी देत नाही.

टप्पा 6: पहिलं वर्ष

हप्त्यासाठी वेगळं बँक खातं ठेवा आणि त्याला एटीएम कार्ड घेऊच नका. 11,000 चा हप्ता असेल तर 25 दिवसांनी भागून रोजचे 440 रुपये झाले. गाडी लावण्याआधी ते त्या खात्यात टाका. महिन्याच्या शेवटी एकदम टाकू म्हटलं की कधीच टाकले जात नाहीत. विमा आणि टायरचे रोजचे 150 सुद्धा तिथंच जाऊ द्यात. ऑक्टोबर ते मे ज्यानं हे खातं भरलं, त्याला जुलैत कुणाच्या दारात जावं लागत नाही.

उधारी कर्जाच्या दोन हप्त्यांच्या रकमेपेक्षा वर गेली की त्या गिऱ्हाइकाची फेरी थांबवा. जुनं गिऱ्हाईक असलं तरी.

टप्पा 7: हप्ता चुकणार असं दिसलं तर

चुकण्याआधी बोला. तारखेच्या आठवडाभर आधी शाखेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या, कारण लिहा आणि किती दिवसांत भरणार तेही लिहा. फोनवर वसुलीच्या मुलानं "बघू" म्हटलं त्याला काही किंमत नाही. 90 दिवस थकबाकी राहिली की कर्ज एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरतं आणि मग बोलण्यासारखं फार काही उरत नाही. हातात असतील ते पहिले दोन महिनेच.

या काळात माणसं दोन चुका करतात आणि दोन्ही गाडीपेक्षा महाग पडतात.

पहिली, चंदगडला पाव्हण्यांकडं गाडी लपवणं. गाडी उभी, भाडं बंद, हप्ता आणि दंड चालू. महिन्या-दोन महिन्यांत गाडी ओढणारे तिथंही पोचतात.

दुसरी जास्त भयंकर. स्टॅम्प पेपरवर लिहून गाडी दुसऱ्याला द्यायची, "पुढचे हप्ते तू भर." आरसी तुमच्या नावावर, कर्ज तुमच्या नावावर, आणि गाडी कुणा तिसऱ्याच्या हातात. त्यानं हप्ता भरला नाही तर सिबिल तुमचं खराब होतं. त्यानं अपघात केला आणि विमा संपलेला असेल तर नुकसानभरपाईचा दावा आरसीवरच्या मालकावर येतो, म्हणजे तुमच्यावर. स्टॅम्प पेपर तिथं तुम्हाला वाचवत नाही. एका ओळखीच्या माणसाकडं गाडी नव्हती, पैसे नव्हते, पण कोर्टाची तारीख होती.

गाडी परवडत नाही हे नक्की झालं असेल तर फायनान्सची लेखी परवानगी घेऊन स्वतः विका. गिऱ्हाइकाला शाखेत न्या, त्याचे पैसे थेट कर्जखात्यात जाऊ द्यात, एनओसी घ्या, मग नाव बदला. ओढून नेलेली गाडी लिलावात नेहमीच कमी किमतीला जाते आणि राहिलेला फरक तुमच्याकडूनच मागितला जातो.

तरीही ओढायला आले तर भांडू नका, पण मोकळ्या हातानं चावीही देऊ नका. ओळखपत्र आणि कंपनीचं अधिकारपत्र बघा, आधी नोटीस दिली होती का विचारा. आत गिऱ्हाइकाचा माल असेल तर उतरवून घ्या. गाडीतल्या वस्तू, स्टेपनी, बॅटरी आणि किलोमीटर यांची यादी करून दोघांच्या सह्या घ्या, मोबाइलवर फोटो काढा. वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. धमकी, शिवीगाळ झाली तर कंपनीकडं लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर `cms.rbi.org.in` वर लोकपालाकडं तक्रार करता येते आणि त्याला फी नाही.

टप्पा 8: शेवटचा हप्ता भरल्यावर

एनओसी घेऊन ती कपाटात ठेवू नका. फॉर्म 35 सोबत आरटीओत देऊन आरसीवरचं फायनान्सचं नाव काढून घ्या. तीन वर्षांनी गाडी विकायला काढल्यावर ही चूक लक्षात येते, तोवर एनओसीची मुदत संपलेली असते आणि शाखा दुसऱ्या गावी हललेली असते.